लेखकाच्या रकान्यातलं नाव

त्रैमासिकाच्या कार्यालयात त्यांना सगळे खोडरबरबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर. बाईंनाही त्याचं काही वाटत नसे. कामच तसं होतं त्यांचं. दिवसभर बसून लोकांची नावं पुसायची आणि महिन्याच्या महिन्याला त्याचा पगार घ्यायचा.

त्रैमासिक शिक्षणावरच्या संशोधनाचं. लेख आला की तो दोन परीक्षकांकडे जायचा, आणि लेख कुणाचा आहे हे परीक्षकांना कळता कामा नये असा दंडक होता. का, ते कळायला फार डोकं लागत नाही. लेखक ओळखीचा निघाला की माणसाचा हात सैल होतो, आणि नावडता निघाला की लेखणीला धार येते. म्हणून लेख बाईंच्या हाताखालून जायचा. पहिल्या पानावरचं नाव, शेवटचे आभार, 'माझ्या आधीच्या लेखात मी म्हटल्याप्रमाणे' असली फुशारकी, सगळं त्या काढून टाकायच्या. एवढं तर कुणीही करेल. बाईंची खरी करामत त्यापुढे सुरू व्हायची.

कागदावर नाव नाही म्हणजे नाव गेलं, असं लोकांना वाटतं. पीडीएफ फाइलच्या पोटात काय काय असतं याचा त्यांना पत्ता नसतो. फाइल उघडून तिच्या माहितीची खिडकी पाहिली की लेखकाचा एक रकाना असतो, शीर्षकाचा असतो, फाइल कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिली, कशाने तिची पीडीएफ झाली, कधी झाली, सगळी कुंडली तिथे मांडलेली असते. हे कुणी मुद्दाम लिहीत नाही. ज्या संगणकावर फाइल तयार होते तो आपल्याला माहीत असलेलं नाव तिथे गुपचूप भरून मोकळा होतो. एका प्राध्यापकांनी लेखातून आपलं नाव इतकं निगुतीनं काढलं होतं की संदर्भसूचीतही स्वतःच्या जागी फुल्या घातल्या होत्या, आणि शीर्षकाच्या रकान्यात मूळ फाइलचं नाव जसंच्या तसं होतं, आडनावासकट, पुढे 'शेवटचा खर्डा, खरंच शेवटचा'. दुसऱ्या एका लेखात नाव कुठेच नव्हतं, पण फाइल ज्या सॉफ्टवेअरमध्ये झाली होती ते एका संस्थेनं स्वतःपुरतं बनवून घेतलेलं होतं. त्या संस्थेत त्या विषयावर लिहिणारा माणूस एकच. बाईंनी तेही पुसलं. वर ही माहिती फाइलमध्ये दोन ठिकाणी असू शकते, एकीकडे पुसली तरी दुसरीकडे तशीच राहते, त्यामुळे बाई दोन्ही जागा धुंडाळत, पुसत, फाइल जतन करत, बंद करत, पुन्हा उघडून बघत आणि मगच पाठवत. कार्यालयात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हे शेवटचं ऐकवलेलं होतं. पुसलं म्हणजे पुसलं नव्हे, पुन्हा उघडून बघितलं म्हणजे पुसलं.

इतक्या काटेकोर बाईंच्या हातून जे घडलं, ते म्हणूनच कुणाला खरं वाटलं नसतं.

बाई आठवड्यातले बरेचसे दिवस घरूनच काम करत. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, समोर एक रिकामी खुर्ची, तिच्यावर इस्त्रीचे कपडे. खुर्ची रिकामी दिसायला नको म्हणून कपडे तिथे ठेवायला सुरुवात झाली, आणि मग ती कपड्यांचीच झाली. मुलंबाळं नव्हती. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती.

लॅपटॉप नवऱ्याचा. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. साऱ्या शहरातल्या लिफ्टच्या खोल्यांमधून आयुष्य काढलेला माणूस, बोटांच्या रेषांत ग्रीस कायमचं बसलेलं. निवृत्त झाल्यावर हौसेनं हा लॅपटॉप घेतला आणि दोन बोटांनी टाइप करायला शिकले. काय टाइप करायचे, तर अर्ज. जिन्यातला दिवा लागत नाही याबद्दल अर्ज, पाण्याचा दाब कमी आहे याबद्दल अर्ज. लेखनाचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा त्यानं विचारलं, तुमचं नाव. यांनी टेबलाशी ताठ बसून भरलं. आधी श्री., मग स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बाई मागे उभ्या राहून हसल्या होत्या.

"अहो, स्वतःच्या नावाला स्वतःच श्री. कोण लावतं?"

"मग कोण लावणार?" ते म्हणाले. "लिफ्टवाल्याला आजवर कुणी लावलंय?"

ते नाव तिथेच राहिलं. त्या प्राध्यापकांसारखे अनुभव आल्यापासून बाई लेखकाच्या मूळ फाइलला हात लावत नसत. तिच्यात जुन्या दुरुस्त्या असतात, शेरे असतात, नको ते सगळं असतं. त्या नवी कोरी फाइल उघडत, तिच्यात मजकूर उतरवून घेत, ओळींना क्रमांक देत आणि त्याची पीडीएफ करत. फाइल नवी, आणि लॅपटॉप यांचा. त्यामुळे पीडीएफची माहिती उघडली की लेखकाच्या रकान्यात दर वेळी तेच यायचं. श्री., आणि पुढे पूर्ण नाव.

एकदा सेटिंगमध्ये जाऊन ते नाव बदललं असतं तर कायमची कटकट मिटली असती. बाईंना ते येत नव्हतं असं नाही. दुसऱ्यांना त्यांनीच शिकवलं होतं. पण स्वतःचं त्यांनी बदललं नाही. दर फाइलला नाव उमटू द्यायचं, क्षणभर बघायचं आणि मग हातानं पुसायचं, असं चाललं होतं.

याला वेडेपणा म्हणायचं तर म्हणा. पण माणूस गेल्यावर त्याच्या नावाचं काय होतं ते जरा बघा. नणंद फोनवर बोलायची ती 'दादा' म्हणायची. भाचे 'मामा' म्हणायचे. शेजारच्या काकू 'तुमचे मिस्टर' म्हणायच्या. बँकेनं 'मयत खातेदार' म्हटलं. आणि बाईंनी तर जन्मात कधी नाव घेतलं नव्हतं, त्यांचं आपलं 'अहो'. 'अहो' म्हणायला समोर माणूस लागतो. तो नसला की 'अहो' कुणाला म्हणायचं? सगळी नाती जागच्या जागी होती, सगळे हळहळतही होते, पण पूर्ण नाव कुणाच्या तोंडी उरलं नव्हतं. ते फक्त या लॅपटॉपला माहीत होतं. बाईंचं दुःख फार मोठ्यानं बोलणारं नव्हतं. दिवसातून एकदा ते नाव कुणीतरी लिहिलेलं दिसावं, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या दुपारी हातात जो लेख होता तो एका तरुण शिक्षिकेचा. वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलांना शिक्षक काय बोलतात ते नेमकं किती ऐकू येतं, याचा अभ्यास. बाईंना लेख आवडला होता. लेख आवडणं न आवडणं हे त्यांचं काम नव्हतं, पण एवढे लेख हाताखालून गेले की माणसाला चव कळायला लागते. त्यांनी पीडीएफ केली. माहितीची खिडकी उघडली. नाव आलं. त्यांनी पाहिलं. मग ते निवडून पुसलं, खिडकी बंद केली, फाइलही बंद करायला गेल्या, तेव्हा नेहमीचा प्रश्न आला, बदल जतन करायचे का?

बाईंनी 'नाही' दाबलं.

आणि पुन्हा उघडून न बघता फाइल पाठवून दिली. त्यानंतर चहा टाकला, एक कप. बोट घसरलं होतं, की त्या दिवशी पुसवेना, हे त्यांना स्वतःलाही नंतर कधी नक्की सांगता आलं नाही.

आठवडा सरायच्या आत संपादकांनी त्यांना कार्यालयात बोलावून घेतलं. संपादक म्हणजे निवृत्त प्राध्यापक, माणूस सरळ पण नियमाचा कडवा. ते या जागेवर आले ते अलीकडे. बाई कार्यालयात माहेरच्या नावानं होत्या, पहिल्यापासून. त्यांच्या नवऱ्याला तिथे कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि ते गेले तेव्हा कार्यालयाला कळलं ते इतकंच, की बाई घरच्या अडचणीमुळे काही दिवस येणार नाहीत. अडचण काय, हे कुणी विचारलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही.

"बसा," संपादक म्हणाले. समोर परीक्षकाची ईमेल छापून ठेवलेली होती. "त्या शेवटच्या बाकाच्या लेखात नाव सापडलंय. फाइलच्या माहितीत. परीक्षक जुने खोड आहेत, फाइल आली की आधी तेच बघतात. त्यांनी वाचन थांबवलंय आणि आपल्याला विचारलंय, काय करू म्हणून."

बाईंना त्या क्षणी सगळं कळलं. 'नाही' या बटणावरचं आपलं बोटसुद्धा त्यांना दिसलं.

"माझ्याकडून राहिलं," त्या म्हणाल्या.

"राहिलं ते बरंच झालं," संपादक म्हणाले. "ऐका तर. लेख पाठवणारी बाई आहे. आणि लेखकाच्या रकान्यात नाव कुणाचं? पुरुषाचं. आडनावही वेगळं." त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, कागद जरा लांब धरला आणि खणखणीत आवाजात वाचलं. श्री. पासून आडनावापर्यंत, मधलं वडिलांचं नावही न गाळता, वर्गात हजेरी घेतात तसं.

कित्येक वर्षांत ते नाव बाईंच्या कानांवर पडलं नव्हतं. दुसऱ्या माणसाच्या आवाजात, एका खोलीत, पूर्णच्या पूर्ण. त्यांच्या तोंडून 'हजर' निघायचं तेवढं राहिलं. लाज वाटायला हवी होती, भीती वाटायला हवी होती, आणि वाटला तो आनंद. संपादकांनी पुन्हा एकदा वाचावं असं त्यांना वाटलं.

"हा गृहस्थ कोण?" संपादक म्हणाले. "उघड आहे. लेख यानं लिहिलाय, या बाईंनी विकत घेतलाय. हल्ली दुकानं निघालीत अशी. वर नावापुढे स्वतःच श्री. लावतो, म्हणजे माणूस कसा असेल ते बघा."

बाईंनी मान खाली घातली.

"लेख परत पाठवायचा," संपादक पुढे म्हणाले. "आणि तिच्या संस्थेला कळवायचं. यापुढे आपल्याकडे तिचा लेख नको. तुम्ही पत्राचा मसुदा करा, मी सही करतो. तुमच्या चुकीचं मनाला लावून घेऊ नका. एरवी तुम्ही ते पुसलं असतंत आणि आपल्याला कधी कळलंच नसतं."

बाई बाहेर आल्या. बाहेरच्या खोलीत पानांची मांडणी करणारा मुलगा कानात काहीतरी घालून बसला होता. त्यानं हात हलवला. बाईंनीही हलवला. आपल्या टेबलाशी बसून त्यांनी सोबत आणलेला लॅपटॉप काढला, पत्रासाठी कोरी फाइल उघडली आणि तिच्याकडे बघत राहिल्या.

गप्प बसणं किती सोपं होतं. त्यांना कुणी काही विचारणार नव्हतं. उलट चूक अंगावर यायची ती शाबासकी होऊन आली होती. आणि सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की आमचे हे रोज मला तिथे भेटतात, म्हणून मी ते नाव ठेवलंय? असं मोठ्या माणसासमोर बोलता येतं का? आणि एकदा बोललं की ते नाव तिथे राहणार नाही, हेही बाईंना कळत होतं. संपादक ते त्याच दिवशी काढायला लावणार.

फोन वाजला. तीच शिक्षिका. आवाज अगदी पोरसवदा.

"मॅडम, त्रास देतेय, माफ करा. माझ्या लेखाचं काही कळलं का? नोकरी कायम करायची मुलाखत आहे महिनाअखेरीला. लेख परीक्षकांकडे आहे एवढं एक पत्र जरी मिळालं ना, तरी चालेल म्हणालेत ते."

"चालू आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "ते मोजमाप तुम्ही स्वतः केलंत?"

"मीच हो, दुसरं कोण करणार?" पोरगी हसली. "वर्षभर शेवटच्या बाकावर बसले, पोरांच्या मधे. पहिले काही दिवस पोरं दचकायची. मग विसरली मी आहे ते. मॅडम, तिथे बसलं ना, की आपण खोलीत आहोत असं कुणाला वाटतच नाही. पुढे सगळं चाललेलं असतं."

"कळतं मला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मग मात्र त्यांनी फार विचार केला नाही. विचार केला असता तर उठवलं नसतं. लॅपटॉप उचलून त्या संपादकांच्या खोलीत गेल्या आणि तो त्यांच्या टेबलावर, कागदांच्या ढिगावरच ठेवला.

"सर, लेख त्या मुलीचाच आहे. हे बघा." त्यांनी शिक्षिकेनं पाठवलेली मूळ फाइल उघडली, तिची माहिती उघडली. लेखकाच्या रकान्यात शिक्षिकेचं नाव होतं. "ही तिच्या संगणकावर झालेली. आणि ही परीक्षकांकडे गेलेली पीडीएफ. ती कधी तयार झाली ते बघा. तिचा लेख आपल्याकडे आला त्याच्या नंतर. त्या दुपारी मी केली ती. घरी, या लॅपटॉपवर."

"मग हे नाव?"

"लॅपटॉपचं आहे. म्हणजे, ज्यांच्या नावावर लॅपटॉप आहे त्यांचं. मी नव्या फाइलमध्ये मजकूर घेते, त्यामुळे लेखक म्हणून ते लागतं. दर वेळी मी पुसते. या वेळी पुसलं नाही."

संपादक हुशार माणूस. त्यांनी दोन्ही खिडक्या नीट पाहिल्या, तारखा ताडून पाहिल्या. त्यांचा चेहरा उतरला, कारण एका निरपराध पोरीला आपण चोर ठरवायला निघालो होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"आणि हे श्री. कोण?" त्यांनी विचारलं. आता आवाज खणखणीत नव्हता.

"माझे मिस्टर."

"मग त्यांना सांगायचं ना, की बाबा—" संपादक थांबले. बाईंच्या चेहऱ्याकडे बघून थांबले.

"गेले ते," बाई म्हणाल्या. "तुम्ही इथे यायच्या आधी."

संपादकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दुःखाशी कसं बोलायचं हे त्यांच्या नियमावलीत नव्हतं, म्हणून ते माहीत असलेल्या वाटेनं गेले.

"पण बाई, हे सेटिंग एकदा बदललं की झालं. तुम्हीच सगळ्यांना शिकवता. इतकी वर्षं तुम्ही रोज हातानं—" मग त्यांना कळलं. कळलं, हे बाईंना दिसलं.

"बदलायचं राहिलं," बाई म्हणाल्या.

"हो," संपादक म्हणाले. "राहतं." आणि थोड्या वेळानं, टेबलाकडे बघत, "आता मात्र बदलावं लागेल. आज या मुलीवर आलं होतं."

"आज बदलते."

बाईंनी पत्र लिहिलं, ते वेगळं, दोन्ही परीक्षकांना. लेखकाच्या रकान्यात आलेलं नाव लेखकाचं नसून कार्यालयातल्या संगणकाचं आहे, चूक सर्वस्वी कार्यालयाची आहे, जुनी फाइल कृपया काढून टाकावी आणि सोबतची वाचावी. सोबत नवी पीडीएफ. ती त्यांनी पुसली, जतन केली, बंद केली, पुन्हा उघडली. रकाना रिकामा होता. शिक्षिकेला तिचं पत्रही त्याच दिवशी गेलं, लेख परीक्षकांकडे असल्याचं. काय टळलं ते तिला कधी कळलं नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं.

घरी जाऊन त्यांनी सेटिंग उघडलं. नाव पुसून चौकट रिकामी ठेवली आणि सॉफ्टवेअर बंद केलं. पुन्हा उघडून बघितलं, तर नाव परत आलेलं. आपण काही चुकलो असं त्यांना वाटलं. मग ध्यानात आलं, की रिकामी चौकट या सॉफ्टवेअरला चालत नाही. तिथे काही नसलं की लॅपटॉप ज्याच्या नावानं सुरू होतो ते नाव ते आपलं आपण उचलून आणतं, आणि लॅपटॉपही यांच्याच नावानं सुरू होत होता. बाई हसल्या, एकट्याच. जिन्यातल्या दिव्याच्या अर्जाला उत्तर येईस्तोवर हे असेच परत परत अर्ज करत. मग त्यांनी दोन्हीकडे जाऊन 'कार्यालय' असं लिहिलं. ते टिकलं.

हसून झाल्यावर मात्र त्यांना रडू आलं. ते गेले त्या दिवशीसुद्धा इतकं आलं नव्हतं. त्या दिवशी घरात माणसं होती, आणि चहा कुणाकुणाला पोचला ते बघायचं होतं.

त्यानंतर लेखकाच्या रकान्यात 'कार्यालय' येऊ लागलं. बाई ते पुसत. ते पुसताना काही वाटत नसे, आणि काम पूर्वीपेक्षा लवकर उरकत असे. उरलेल्या वेळाचं काय करायचं हा प्रश्न होता. नणंदेचा फोन आला की त्या पूर्वीपेक्षा जास्त वेळ बोलत, पण नणंद बोलायची ते दादाबद्दल, तिच्या लहानपणीच्या दादाबद्दल. तो बाईंचा नव्हता. एकदा त्यांनी बाथरूममध्ये नळ सोडून नाव उच्चारून पाहिलं. नीट जमलं नाही. जिभेला सवय नव्हती.

शिक्षिकेच्या लेखावरचा त्या परीक्षकांचा अभिप्राय वेळेत आला. चांगला होता. थोड्या दुरुस्त्या सुचवून परीक्षकांनी लेख छापावा असं म्हटलं होतं. अभिप्रायाची फाइल शिक्षिकेला पाठवण्याआधी बाईंनी तिचीही माहिती उघडली, कारण परीक्षकाचं नावही लेखकाला कळता कामा नये. तिथे परीक्षकांचं नाव होतंच. जुनं खोड असलं तरी दुसऱ्याची फाइल तपासणारा माणूस स्वतःची तपासत नाही. बाईंनी ते पुसलं.

अभिप्रायासोबत संपादकांच्या नावे एक वेगळी ईमेल होती. संपादकांनी ती बाईंकडे पाठवली आणि वर एवढंच लिहिलं, याचं उत्तर तुम्हीच द्यावं.

परीक्षकांनी लिहिलं होतं, की पहिल्या फाइलमधल्या त्या श्री. गृहस्थांचा माझ्याशी काही पूर्वसंबंध तर नाही ना, याची खात्री करावी म्हणून मी त्यांचा बराच शोध घेतला. ग्रंथालयांच्या सूच्या पाहिल्या, जुने अंक चाळले, ओळखीच्या दोघाचौघांना फोन करून हे नाव कधी ऐकलंय का म्हणून विचारलं. कुठेच काही मिळालं नाही. संगणकाचं नाव म्हणून तुम्ही कळवलंत ते ठीक आहे, पण संगणकाला कुणी वडिलांच्या नावासकट नाव ठेवत नाही. मी आता एकटा असतो, वेळ भरपूर असतो, त्यामुळे हे डोक्यातून जात नाही. हे कोण होते?

बाईंनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी खोलीत, एक अनोळखी म्हातारा माणूस यांचं नाव घेऊन शोधत बसला होता. फोनवर, मोठ्यानं, चारचौघांना विचारत.

त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. कार्यालयीन भाषेत सुरुवात केली, खोडली. पुन्हा केली, पुन्हा खोडली. शेवटी जे राहिलं ते असं होतं.

'महोदय, ते लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांनी काही लिहिलेलं नाही, त्यामुळे कुठे सापडणार नाहीत. श्री. त्यांनी स्वतःच लावलं होतं. ते माझे पती. तुम्ही त्यांना शोधलंत, त्याबद्दल मी आभारी आहे. त्यांच्यामागे त्यांना शोधणारे तुम्ही पहिलेच.'

खाली त्यांनी सही केली, संपादकीय साहाय्यक. मग ते पुसलं, आणि आपलं नाव, यांचं नाव, आणि आडनाव, असं पूर्ण लिहिलं.